एकतीस मात्रांचं प्रेमकाव्य मराठीत आणताना

ओढ, विरह, माया या भावनांसाठी प्रत्येक भाषेत एखादा तरी शब्द असा असतो की तो दुसऱ्या भाषेत नेता येत नाही, असं आपण नेहमी ऐकतो. पोर्तुगीज ‘सौदादे’, जर्मन ‘झेनझुख्ट’ यांच्या याद्याही वाचलेल्या असतात. पण प्रत्यक्ष एखादी प्रेमकविता मराठीत आणायला बसलं की वेगळंच लक्षात येतं. अडचण त्या मोठ्या शब्दापाशी क्वचितच असते. ती बहुतेक वेळा क्रियापदाच्या शेवटी, एखाद्या अव्ययात किंवा लिंगवचनात दडलेली असते. म्हणून याद्या बाजूला ठेवून एकच छोटी कविता घेऊ आणि ती मराठीत कशी आणायची ते पायरीपायरीने बघू.

कविता जपानी आहे. कवयित्री ओनो नो कोमाची, नवव्या शतकातली. सम्राट दाइगो याच्या आज्ञेवरून 905 च्या सुमारास ‘कोकिनशू’ हा काव्यसंग्रह तयार झाला. त्याच्या वीस भागांपैकी पाच भाग केवळ प्रेमकवितांचे आहेत. त्यातल्या बाराव्या भागाची सुरुवात कोमाचीच्या स्वप्नांवरच्या तीन कवितांनी होते. संग्रहातला क्रमांक 552 ही त्यांतली पहिली:

ओमोइत्सुत्सु
नुरेबा या हितो नो
मिएत्सुरामु
युमे तो शिरिसेबा
सामेझारामाशि ओ

पाच-सात-पाच-सात-सात असे एकूण 31 उच्चारघटक. या रचनेला ‘वाका’ म्हणतात.

पहिली पायरी: शब्दशः उतारा, सौंदर्याचा विचार न करता

कवितेचा प्रत्येक तुकडा वेगळा काढून त्याखाली मराठी अर्थ लिहायचा, तोही ओबडधोबड. इथे चांगलं मराठी सुचलं तरी लिहायचं नाही. एकदा गोड ओळ हाती लागली की मन तिला सोडत नाही आणि पुढचे सगळे निर्णय तिच्या सोयीने होतात.

‘ओमोइ’ हे ‘ओमोउ’ या क्रियापदाचं रूप. विचार करणं, मनात धरणं, ओढ वाटणं, प्रेम करणं, हे सगळं या एका क्रियापदात येतं. ‘त्सुत्सु’ म्हणजे ती क्रिया पुन्हापुन्हा किंवा सतत चालू असताना. ‘नुरेबा’ म्हणजे झोपल्यामुळे किंवा झोपले असता, आणि या दोन अर्थांत जपानी निवड करत नाही. ‘या’ हा प्रश्नाचा, शंकेचा प्रत्यय. ‘हितो’ म्हणजे व्यक्ती, माणूस. ‘मिए’ म्हणजे दिसणं. ‘त्सुरामु’ने क्रिया पूर्ण झाल्याचं कळतं आणि तिच्या कारणाबद्दल तर्क चालल्याचंही. ‘युमे तो’ म्हणजे स्वप्न म्हणून. ‘शिरिसेबा’ म्हणजे कळलं असतं तर, आणि ‘सामेझारामाशि’ म्हणजे जागं झालं नसतं. शेवटचा ‘ओ’ हळहळीचा उद्गार आहे. वाक्य संपलं तरी मन तिथेच घुटमळतं, ते या ‘ओ’मुळे.

म्हणजे ओबडधोबड अर्थ असा: मनात धरून-धरून झोपल्यामुळे का व्यक्ती दिसली असेल, स्वप्न म्हणून कळलं असतं तर जागं झालं नसतं, अरे.

दुसरी पायरी: मूळ कविता काय सांगत नाही, त्याची यादी

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि घोटाळा तिथेच होतो. कविता जे सांगते ते आपण निष्ठेने आणतो. ती जे झाकून ठेवते ते मात्र आपली भाषा नकळत उघडं करते.

या कवितेत ‘मी’ नाही, ‘तू’ नाही. बोलणारी स्त्री की पुरुष, हे शब्दांतून कळत नाही. दिसलेली व्यक्ती स्त्री की पुरुष, तेही नाही. ती व्यक्ती बोलणाऱ्याची आहे की नाही, कधी होती की नाही, याचाही पत्ता नाही. ‘प्रेम’ हा शब्द नाही. दुःख, अश्रू, रात्र, चंद्र, यांतलं काहीच नाही.

मराठीत ‘दिसला’ म्हटलं की पुरुष ठरला, ‘दिसली’ म्हटलं की स्त्री ठरली. ‘झोपले’ किंवा ‘झोपलो’ म्हणताच बोलणारीही उघडी पडते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, पण सर्वनामाला आहे, म्हणून इंग्रजी भाषांतरांत बहुतेकदा ‘तो’ येऊन बसतो. कवयित्री स्त्री होती, तेव्हा ‘तो’ म्हटल्याने काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडतं ते असं: मूळ कविता कुणीही कुणासाठीही म्हणू शकतं, आणि ‘तो’ आला की ती एका बाईची गोष्ट होते.

तिसरी पायरी: ओढीचा शब्द नामात शोधू नका, वाक्यात शोधा

आता ‘ओमोउ’. इथे बहुतेक जण शब्दकोश उघडतात आणि नामांची रांग लावतात: विरह, ओढ, आस, हुरहुर, ध्यास, झुरणी. मी नामाला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारतो. भावना कोण करतं आणि कुणाला होते? ती क्षणाची आहे की मुरलेली? आणि आपल्या भाषेत त्या शब्दामागे आणखी कुणाचे आवाज येतात?

पहिला प्रश्न सर्वांत उपयोगाचा आहे. फ्रेंचमध्ये ‘तू म मांक’ म्हणतात. त्यात कर्ता ‘तू’ असतो, आणि अर्थ होतो ‘तू मला उणा आहेस’. मराठीत ‘तुझी आठवण येते’ म्हणतो. इथे कर्ता आठवण आहे. ती येते, मी तिला आणत नाही. हल्ली सर्रास ‘मी तुला मिस करतो’ म्हटलं जातं, त्यात ‘मी’ कर्ता होतो आणि ओढ हे माझं काम होऊन बसतं. तीन वाक्यांचा मजकूर एकच, पण माणूस भावनेपुढे किती असहाय आहे हे तिन्हींत वेगळं.

‘सौदादे’चंही असंच आहे. पोर्तुगालचा राजा दुआर्ते याने पंधराव्या शतकातच लिहून ठेवलं की या शब्दाच्या तोडीचा शब्द लॅटिनमध्ये किंवा दुसऱ्या भाषेत नाही. तेव्हापासून तो अभाषांतरणीय म्हणूनच मिरवतो. पण पोर्तुगीज माणूस रोजच्या बोलण्यात ‘सौदादे मारणं’ असाही प्रयोग करतो, म्हणजे खूप दिवसांनी भेटून ती ओढ संपवणं. हे वाक्य मराठीत आणायचं असेल तर सौदादेसाठी नाम शोधत बसलं की माणूस अडतोच. ‘भेट झाली, डोळे निवले’ म्हटलं की ते लगेच पोचतं. नाम गेलं, पण भेटीनंतर आत जे शांत होतं ते आलं.

जर्मन ‘झेनझुख्ट’मधला दुसरा भाग, ‘झुख्ट’, मुळात आजाराचा शब्द आहे. तिथे ‘ओढ’ म्हटलं तर आजारपण सुटतं. अशा ठिकाणी मी ‘ओढ’ ठेवून त्या ओळीतलं क्रियापद बदलतो, ‘ओढ वाटते’ऐवजी ‘ओढीने पोखरलं’ असं काहीतरी. तरीही प्रत्येक ओळीत हे जमत नाही, आणि जिथे जमत नाही तिथे साधं ‘ओढ’च बरं.

आता ‘ओमोउ’ला हे तीन प्रश्न लावू. ‘विरह’ सर्वांत आधी बाद होतो. तो नुसता शब्द राहिलेला नाही. तो म्हटला की ज्ञानदेवांच्या विरहिणींपासूनचा सगळा आवाज मागे उभा राहतो, ओढ देवाकडे वळते आणि कोमाचीची साधी रात्र झाकली जाते. ‘झुरत झुरत’मध्ये शरीर खंगणं येतं, मुळात ते नाही. ‘ध्यास’ला जिद्दीचा वास आहे, ध्यास घेतलेला माणूस काहीतरी मिळवायला निघालेला असतो. ‘हुरहुर’ सुंदर आहे, पण तिला समोर माणूस लागत नाही, ती संध्याकाळीही उगाच लागते.

उरलं ‘आठवत आठवत’. शब्द एकदम साधा, पण एक गोष्ट त्याच्याकडे अशी आहे की जी इंग्रजीकडे नाही: मराठी क्रियापदाची द्विरुक्ती. ‘त्सुत्सु’ जे करतो तेच ‘चालत चालत’, ‘बोलता बोलता’ करतं. झोप कधी लागली ते कळू न देता क्रिया चालू राहते. त्रुटी एवढीच की ‘आठवत’ म्हणजे विसरलेलं काहीतरी आठवायचा प्रयत्न करत, असाही अर्थ निघतो. ही त्रुटी लिहून ठेवायची आणि पुढे जायचं. ती पुढे मिटते का, ते बघू.

चौथी पायरी: आपल्या भाषेत ही गोष्ट आधीच कुणी म्हटली आहे का?

मराठी वाचकासाठी या कवितेत एक खड्डा आहे, आणि तो माझ्या पहिल्या मसुद्यात मी स्वतः खणला होता. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण. कवितेच्या पहिल्या तीन ओळी म्हणजे जणू हीच म्हण! पहिल्यांदा मला आनंद झाला की ‘ओमोउ’साठी ‘मनी’ आयता सापडला. मग ओळ लिहिली: ‘मनी वसलेलं माणूस स्वप्नी दिसलं’. एका मैत्रिणीला वाचून दाखवली तेव्हा ती मान डोलावून म्हणाली, “हो, तसंच असतं.” त्या होकारानेच कळलं की ओळ गेली. म्हण निष्कर्ष सांगते, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगते. कोमाचीला काहीच माहीत नाही, ती विचारते. नुकती जागी झाली आहे, आणि मघाशी काय घडलं त्याचं कारण चाचपडते आहे.

त्यातही तिच्या काळाचा एक समज लक्षात घ्यायला हवा. कुणी स्वप्नात आलं तर त्या व्यक्तीने आपली आठवण काढली असणार म्हणून आलं, असं जुन्या जपानी काव्यात पुष्कळदा मानलेलं दिसतं. कोमाचीचा प्रश्न या समजाच्या शेजारी ठेवला की जास्त दुखरा होतो. त्या व्यक्तीने आठवण काढली म्हणून नव्हे, मीच आठवत झोपले म्हणून तर दिसली नसेल? हे सगळं भाषांतरात घालता येत नाही. पण ‘म्हणून का’ एवढे दोन शब्द मात्र काहीही झालं तरी वाचवायचे, कारण शंका त्यांच्यातच आहे. आणि इथे मराठी फार उदार आहे. ‘मिएत्सुरामु’साठी ‘दिसलं असेल’ जवळजवळ जसंच्या तसं बसतं. क्रिया पूर्ण झालेली, कारणाचा फक्त तर्क, आणि पाहणाऱ्याने काही न करता दिसणारं आपोआप पुढे आलेलं.

पाचवी पायरी: लिंग झाकण्यासाठी आपल्या व्याकरणात दार शोधा

आता ‘हितो’. ‘व्यक्ती’ म्हणावं तर कचेरीतल्या अर्जाचा सूर लागतो. ‘सखा’, ‘प्रियकर’, ‘साजण’ सगळे लिंग उघड करतात आणि गाण्यात शोभतात. ‘तुम्ही दिसलात’ने लिंग झाकलं जातं, पण समोर कुणीतरी उभं राहतं, आणि ही कविता कुणाशीही बोलत नाही.

मराठीने इथे जे दिलं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. ‘माणूस’ हा शब्द पुल्लिंगी, पण जीव गुंतला की आपण त्याला नपुंसकलिंगी करतो. ‘तो माणूस आला’ म्हटलं की कुणीतरी एक पुरुष आला. ‘आपलं माणूस आलं’ म्हटलं की जवळचं कुणी आलं, ती बाई असेल किंवा पुरुष. ‘पोरगं’, ‘लेकरू’, ‘माझं सोनं’ यांतही मायेने तेच केलं आहे. कोमळपणासाठी स्वतंत्र शब्द न काढता मराठीने एक लिंगच राखून ठेवलं आहे. इतर भाषांत नेता येत नाही अशी मायेची गोष्ट कुणी मला मराठीतून मागितली, तर मी शब्द नाही, हा ‘अं’कार देईन.

म्हणून ‘माणूस दिसलं’. पण त्याच्यामागे काय? जपानीत नुसतं ‘हितो’ आहे. मराठीत नुसतं ‘माणूस दिसलं’ म्हटलं तर उजाड जंगलात मनुष्यप्राणी दिसल्यासारखं वाटतं. ‘माझं माणूस’ किंवा ‘आपलं माणूस’ म्हटलं तर ताबा येतो, आणि दुसऱ्या पायरीच्या यादीत आपण लिहिलं होतं की ती व्यक्ती हिची आहे की नाही हे कवितेला सांगायचं नाही. ‘जिवाचं माणूस’मध्ये ताबा कमी, पण भावना बोलून दाखवली जाते. शेवटी ‘ते माणूस’. ‘ते’मध्ये अंतर आहे आणि नपुंसकलिंगात जवळीक. दूर असलेलं जवळचं माणूस. धोका असा की ‘ते माणूस’ आपण कीव करतानाही म्हणतो, ‘ते बिचारं माणूस’. पण आधी ‘आठवत आठवत’ आलेलं असल्यामुळे कीव मागे पडते. आणि उलट बाजूने, ‘आठवत’चं कर्म तिसऱ्या ओळीत या माणसाच्या रूपाने सापडल्यामुळे तिसऱ्या पायरीत नोंदवलेली त्रुटीही मिटते. मुळातही कुणाला आठवत झोप लागली हे तिसऱ्या ओळीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत कळत नाही.

बोलणारीचं लिंग झाकायला ‘झोपले’ऐवजी ‘झोप लागली’ आणि ‘जागी झाले नसते’ऐवजी ‘जाग येऊ दिली नसती’. दोन्हीकडे क्रियापद झोपेशी आणि जागेशी जुळतं, बोलणारीशी नाही. ‘येऊ दिली नसती’मध्ये मुळापेक्षा थोडी अधिक इच्छाशक्ती येते, हे मान्य. मूळ नुसतं ‘जागं झालं नसतं’ आहे. पण ‘स्वप्न आहे हे कळलं असतं तर’ या अटीतच ती इच्छा दडलेली आहे, म्हणून ही वाढ मला चालते. शेवटच्या ‘ओ’साठी ‘ना’. ‘हाय’, ‘अरेरे’ घातलं तर नाटक होतं. ‘ना’ वाक्य पूर्ण करून हात सोडत नाही.

सहावी पायरी: मोजणी, आणि मोजणीला कुठे थांबवायचं

आतापर्यंतचे निर्णय एकत्र ठेवले तर असं होतं:

आठवत आठवत
झोप लागली, म्हणून का
ते माणूस दिसलं असेल?
स्वप्न आहे कळलं असतं तर
जाग येऊच दिली नसती ना

31 चा आकडा पाळायचा असेल तर आधी काय मोजायचं ते ठरवा. लिहिलेली अक्षरं मोजली तर ‘आठवत’ चार होतात. पण उच्चारताना आपण ‘आठ्-वत्’ म्हणतो, म्हणजे दोनच. जपानीत जे लिहिलं जातं ते जवळपास तसंच उच्चारलं जातं, मराठीत शेवटचे आणि मधले ‘अ’ गळतात. म्हणून कानाने मोजा. वरच्या ओळी अशा मोजल्या तर चार, सहा, सात, नऊ आणि आठ, एकूण 34 भरतात.

तीन जास्त. ते काढताही येतात: ‘आहे’चे दोन आणि ‘ना’चा एक. बरोबर 31! मी तसं करूनही पाहिलं. पण ‘स्वप्न कळलं असतं तर’ म्हटलं की अर्थच बदलतो. स्वप्नाचा अर्थ उमगला असता तर, असं काहीतरी होतं. आणि ‘ना’ काढला की शेवटची ओळ निर्धाराचं वाक्य होते, हळहळ जाते. आकडा सांभाळून या दोन्ही गोष्टी घालवण्यापेक्षा 34 बरे. पाच ओळी आणि पहिली ओळ सर्वांत आखूड, एवढं रूप राखलं तर श्वास मुळासारखाच चालतो.

सातवी पायरी: मूळ न पाहिलेल्या माणसाला वाचायला द्या

‘कशी वाटली?’ असं विचारू नका. उत्तर नेहमी ‘छान’ येतं. नेमके प्रश्न विचारा. बोलणारं कोण आहे? दिसलं ते कोण? त्यांचं काय नातं? हे बोलणं कधी चाललंय, झोपेआधी की जाग आल्यावर? शेवटी काय वाटतं, राग, निर्धार की चुटपुट? पहिल्या तीन प्रश्नांना ‘कळत नाही’ असं उत्तर आलं आणि पुढच्या दोन्हींना ठाम आलं, तर ही कविता नीट उतरली. वाचणाऱ्याने चटकन ‘बाई आपल्या नवऱ्याबद्दल बोलतेय’ म्हटलं, तर कुठेतरी लिंग किंवा ताबा गळून आत आला आहे, तो शोधायचा. या मसुद्याला एकाने ‘कुणीतरी वारलेलं स्वप्नात आलंय का?’ असं विचारलं. मी ते चूक मानलं नाही. मूळ कविताही तो अर्थ नाकारत नाही.

शेजारची कविता वाचल्याशिवाय मसुदा बंद करू नका

संग्रहात 552 च्या पाठोपाठ 553 आहे. तीही कोमाचीचीच. तिथे डुलकी लागली असताना ‘कोइशिकि हितो’ दिसल्यापासून स्वप्न नावाच्या गोष्टीवर विसंबायला लागल्याचं ती सांगते. ‘कोइशिकि’ म्हणजे जिच्यासाठी जीव ओढतो अशी. पहिल्या कवितेत ‘हितो’ उघडावाघडा होता, दुसऱ्या कवितेत त्याला विशेषण आलं. म्हणजे पहिल्या कवितेतला कोरेपणा ही भाषेची गरिबी नाही, तिने विशेषण मागे ठेवलं आहे.

पाचव्या पायरीत ‘जिवाचं माणूस’ बाजूला ठेवताना मी मनातून खट्टू होतो. 553 वाचल्यावर ते कुठे जायचं ते कळलं:

डुलकीत एकदा
जिवाचं माणूस दिसलं
तेव्हापासून
स्वप्न म्हणतात त्याच्यावर
भिस्त ठेवणं सुरू झालं